तीस वर्षांची मैत्री एका मेसेजमध्ये थांबवताना

प्रश्न: मॅडम, मी बेळगावात शहापूरला राहते, वय ४३. घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. पाचवीपासूनची माझी एक मैत्रीण वडगावात दिली आहे. गेली सात-आठ वर्षं रोज रात्री नऊला तिचा फोन येतो आणि तास-सव्वा तास जावेचं, सासूचं, नणंदेचं चालतं. माझं कधी विचारत नाही. माझी आई गेली तेव्हा दिवससुद्धा झाले नव्हते, तरी तिनं जावेचं सुरू केलं. फोन नाही घेतला तर मिस्टरांच्या फोनवर करते, "लई मोठी झालीस की आता" म्हणते. दिवाळीनंतर स्पष्ट सांगितलं, रोज नको, रविवारी दुपारी बोलू. आठ दिवस पाळलं, परत तेच. माझे १५ हजार तिच्याकडं उसने आहेत, भिशीपण एकच आहे. मला ही मैत्री आता नको. भांडायचं नाही, तिचा अपमानही करायचा नाही. एकच मेसेज पाठवून थांबवता येईल का? काय लिहू? की नुसतं फोन घेणं बंद केलं तरी चालेल?

उत्तर:

ताई, एका मेसेजमध्ये थांबवता येईल. पण तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक बायकांनी तोच मार्ग आधी वापरून पाहिलेला असतो.

नुसता फोन घेणं बंद केलं की काय होतं, ते बघा. पहिल्या दिवशी तिचे दोन फोन येतात, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी मिस्टरांच्या फोनवर येतो. पाचव्या दिवशी तुम्हाला वाटतं, काही झालं तर नसेल ना, आणि तुम्ही फोन घेता. त्या एका फोननं ती एक गोष्ट शिकते: पाच दिवस लावून धरलं की ही उचलते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं होतं की दर वेळी फळ मिळणारी सवय फळ थांबलं की लवकर सुटते, पण अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना फळ मिळत राहिलं की ती सवय सगळ्यांत चिवट होते. तुम्ही मनाच्या चांगुलपणानं मधूनच फोन घेता आणि नकळत त्या फोनांनाच बळ देता. यात तिचा डाव असतो असं नाही. माणसाचं मन तसं चालतं.

दुसरी बाजू तिची आहे. काहीच न सांगता गप्प झालेल्या माणसाचं दुःख विचित्र असतं, कारण नातं संपलं की आहे हेच कळत नाही. पॉलीन बॉस या कुटुंब-समुपदेशिकेनं अशा अधांतरी हरवण्यावर आयुष्यभर काम केलं, बेपत्ता माणसांच्या घरच्यांबरोबरही. तुमची गोष्ट तेवढी मोठी नाही, पण जात तीच. ती तीन महिने विचार करत बसेल, माझं काय चुकलं, तिच्या घरचं काही झालं का, कुणी कान भरले का. मग ती चार जणींना विचारेल, आणि शहापूर-वडगाव म्हणजे केवढंसं अंतर. तुम्ही एक अक्षर न बोलता तुमच्याबद्दल चार गोष्टी तयार होतील. म्हणून स्पष्ट मेसेज हा दोघींसाठीही कमी त्रासाचा रस्ता आहे.

असा मेसेज पाठवायच्या आधी मी एक गोष्ट नेहमी विचारते: तिला हे एकदा तरी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं का? आपल्याकडं नाही म्हणायची रीत आडून असते. "कामात होते गं", "बघू या की", "चार्जिंग संपलंय". समोरचीला यातून काहीही कळत नाही. आठ वर्षं आडून नाही म्हणायचं आणि एक दिवस मैत्रीच संपली म्हणून कळवायचं, हा तिच्यावर अन्याय झाला असता. तुम्ही दिवाळीनंतर तिला सरळ सांगितलं, पर्यायही दिला, रविवार दुपार. पहिल्या आठवड्यातलं वागणं मी कधी मोजत नाही, तेवढं सगळेच सांभाळतात. बघायचं असतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काय होतं ते. तुमच्या बाबतीत ते आठ दिवसांतच कळलं. त्यामुळे तुम्ही पुढं जायला हरकत नाही. हे वाचणाऱ्या ज्यांनी अजून तसं सांगितलेलं नाही, त्यांनी आधी ते सांगावं आणि महिनाभर थांबावं. कधी कधी मैत्री संपवायचीच नसते, तिची वेळ तेवढी बदलायची असते.

आणखी दोन प्रसंगांत मी थांबायला सांगते. तिच्या घरात आत्ता मोठा घाला पडला असेल, कुणी गेलं असेल, कुणाचं मोठं दुखणं निघालं असेल, तर सहा महिन्यांच्या संकटातली बडबड आणि आठ वर्षांची सवय यांत फरक करायला हवा. आणि ती नात्यातली असेल, म्हणजे मैत्रीण आणि चुलतजाऊ एकच बाई असेल, तर संपवता येत नाही, फक्त कमी करता येतं. त्याला मेसेज लागत नाही, त्याला धीर लागतो.

आता मेसेजकडं येऊ. असं लिहायला बसलेल्या बाईचा पहिला कच्चा मसुदा साधारण असा असतो:

"अगं, राग मानू नकोस, पण हल्ली मला फार थकायला होतंय. तू रोज फोन करून तेच तेच बोलतेस. माझ्या आईच्या वेळीसुद्धा तू तुझंच लावलं होतंस. मिस्टर पण चिडतात. त्यामुळे सध्या थोडे दिवस आपण बोलायला नको. चुकलं असेल तर माफ कर. बघू या पुढं. आणि ते पैसे जमेल तसे दे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, वाईट हेतूनं लिहिलेलं नाही. तरी हा मेसेज पाठवला तर आठवड्यात तुम्ही पुन्हा तिच्याशी सव्वा तास बोलत असाल, आणि विषय असेल हाच मेसेज. "तेच तेच बोलतेस" यावर ती म्हणणार, मी कधी गं, एक तरी सांग. "आईच्या वेळी" यावर ती म्हणणार, मी दोनदा येऊन बसले होते, तुला दिसलं नाही का? आणि ती खरंच दोनदा आलेली असेल. "मिस्टर चिडतात" म्हटलं की सगळा दोष मिस्टरांवर जातो, आणि पुढच्या लग्नात ती त्यांच्याकडं रागानं बघते. त्यांचा यात काही संबंध नसताना तुम्ही त्यांना पुढं केलेलं असतं. "सध्या थोडे दिवस" हे तर तुमच्या मनातच नाही. ती मात्र ते खरं मानून वाट बघत बसेल आणि पंधरा दिवसांनी फोन करेल, "झाले का थोडे दिवस?" तिचं चुकणार नाही, कारण तुम्हीच तसं लिहिलं होतं.

"मला थकायला होतंय" या वाक्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं शिकल्या-सवरल्या बायकाही अडकतात. समोरच्याला दोष न देता "मला असं असं वाटतं" अशी वाक्यं वापरा, हे आम्ही समुपदेशक सगळ्यांना सांगत असतो, आणि नातं दुरुस्त करायचं असतं तेव्हा ते उत्तम चालतं. पण ती वाक्यं दुरुस्तीसाठीच आहेत. "मला थकायला होतं" म्हणणं म्हणजे समोरचीला काम देणं: असं वाग की मी थकणार नाही. ती लगेच म्हणेल, "बरं बाई, आता नाही थकवणार, अर्धा तासच बोलीन." मग तुम्ही काय उत्तर देणार? तुम्हाला दुरुस्ती नको आहे, निर्णय सांगायचा आहे. निर्णय सांगताना भावनेचं वाक्य पुढं ठेवलं की त्याचा सौदा होतो.

मग कारण द्यायचंच नाही का? मला विचाराल तर एवढ्या जुन्या मैत्रिणीला काहीच कारण न देणं कोरडं होतं. पण नवा आरोप करायचा नाही. जे कारण तिला आधी तोंडावर सांगितलेलं आहे, त्याकडं फक्त बोट दाखवायचं. तुमच्याकडं ते आहे, दिवाळीनंतरचं बोलणं. म्हणूनच ते आधी सांगणं इतकं महत्त्वाचं असतं. शेवटच्या मेसेजमध्ये मग काही उकरावं लागत नाही.

तुमच्यासाठी मी असा मेसेज लिहिला असता:

"(तुम्ही तिला हाक मारता ते नाव), हे लिहायला मला जड जातंय, पण स्पष्ट लिहिते. आपली मैत्री मी आता थांबवतेय. दिवाळीनंतर मी जे बोलले होते, तेच कारण आहे. खूप विचार करून ठरवलंय आणि ते बदलणार नाही. माझ्या बाळंतपणात तू महिनाभर डबा आणलास, ते मी विसरणार नाही. इथून पुढं मी फोन आणि मेसेज घेणार नाही, मिस्टरांच्या फोनवरही करू नकोस. भिशीत भेटलो तर नीट बोलू. तुझ्याबद्दल मी कुणापाशी काही बोलणार नाही. तुझं आणि पोरांचं चांगलं होऊ दे."

डब्याची आठवण मी माझ्या मनानं घातली आहे, तिथं तुमची खरी घाला. एकच घाला आणि ती बारीक, नेमकी असू द्या. "तू खूप चांगली आहेस" हे कुणालाही लिहिता येतं आणि अशा वेळी ते लागतं. महिनाभराचा डबा मात्र तुम्हा दोघींनाच माहीत असतो. मान राखायचा तो अशा एका खऱ्या गोष्टीनं राखता येतो. आठवणी तीन-चार झाल्या की मात्र तिला वाटतं, एवढं सगळं आठवतंय म्हणजे हिचं मन अजून माझ्यातच आहे.

निर्णयाचं वाक्य दुसऱ्याच ओळीत आहे, ते मुद्दाम. चांगलं-चांगलं आधी आणि मुख्य गोष्ट शेवटी असं लिहिलं तर वाचणारीच्या छातीत प्रत्येक ओळीला धडधड वाढत जाते. "थांबवतेय" हा शब्द तसाच ठेवा. त्याच्या जागी "थोडं अंतर ठेवू या", "पूर्वीसारखं नको" असं काही आलं तर दार अर्धवट उघडं राहतं आणि ती त्यातून आत येणार, यात तिची चूक नाही. माफी मी घातलेली नाही. तुम्ही काही गुन्हा करत नाही आहात, आणि माफी मागितली की ती माफ करते आणि विषय पुन्हा सुरू होतो. "जड जातंय" एवढं पुरे, कारण ते खरं आहे.

भाषा तुमच्या दोघींच्या बोलण्यातली ठेवा. आपल्या भागात अशा वेळी काही जणी एकदम पेपरातल्यासारखं मराठी लिहितात, काही जणी इंग्रजीत जातात. दोन्हीनं तो मेसेज वकिलाच्या नोटिशीसारखा वाटतो. आणि ती कन्नड माध्यमात शिकलेली असेल, देवनागरी भराभर वाचत नसेल, तर नेहमी ज्या अक्षरांत मेसेज करता त्याच अक्षरांत करा. असा मेसेज तिनं मुलाकडून वाचून घ्यायची वेळ येऊ नये.

व्हॉइस मेसेज नको. आवाज कापतो, मध्येच रडू येतं, आणि ते रडणं ऐकून तिला वाटतं, हिला नकोच आहे हे, कुणीतरी करायला लावतंय. शिवाय व्हॉइस मेसेज पुढं पाठवला जातो आणि दहा जणी तुमचं रडणं ऐकतात. लिहिलेलं शांत राहतं. आधी वहीत लिहा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी मोठ्यानं वाचून बघा. जिथं तुमचा स्वर चढतो, ते वाक्य काढा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदलू नका. बदललेला आहे हे तिला खाली दिसतं आणि आधी काय होतं याचा विचार ती महिनाभर करेल.

वेळ सकाळी दहा-अकराची निवडा, साध्या दिवशी. रात्री नऊला मुळीच नको. रात्रीचं दुःख दुप्पट होतं आणि त्या वेळी बोलायला तिला दुसरं कुणी नसतं. सकाळी पोरं शाळेत असतात, घरात कामं असतात, शेजारीण असते. संक्रांत, गणपती, तिच्या गल्लीची लक्ष्मी यात्रा, पोरांच्या परीक्षा, घरातलं लग्न, हे टाळा. नाहीतर दरवर्षी तो सण आला की तिला तोच मेसेज आठवेल.

पैशाचं मात्र मेसेजच्या आधी मिटवा. १५ हजार म्हणजे तुमची किती ब्लाऊजं, ते तुम्हालाच ठाऊक. निरोपाच्या मेसेजमध्ये पैशाचा उल्लेख आला की सगळ्या गल्लीला एकच वाक्य कळतं: पैशापायी मैत्री तोडली. म्हणून आधी वेगळं मागा, साधेपणानं, तारीख देऊन. "मला पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पैसे लागतील, एकदम जमत नसेल तर तीन हप्त्यांत दे." तारीख उलटेपर्यंत थांबा. दिले तर उत्तम. नाही दिले तर एकदाच ठरवा, सोडायचे की मागत राहायचं. मागत राहायचं असेल तर ते काम मिस्टरांना किंवा भावाला द्या, नाहीतर पैशाच्या निमित्तानं फोन सुरूच राहील. तोंडी उसन्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारणपणे दिल्यापासून ३ वर्षं असते, एवढं लक्षात असू द्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ती रक्कम सोडायची तुमची तयारी असेल तेव्हाच मेसेज पाठवा. मग तिच्या हातात तुम्हाला परत ओढायला दोरी उरत नाही.

भिशी मध्येच सोडू नका. बाकीच्या बायकांनी काय केलंय? ही फेरी पूर्ण होऊ द्या, तुमचे हप्ते वेळेवर द्या, आणि पुढच्या फेरीत "यंदा मला जमायचं नाही" म्हणून बाजूला व्हा. भिशीच्या दिवशी ती समोर आली तर "कशी आहेस, पोरं बरी आहेत ना" एवढं बोला आणि दुसरीकडं वळा. तोंड फिरवणं नको. मेसेजमध्ये तुम्ही "नीट बोलू" असं लिहिलेलं आहे, ते पाळायचं आहे.

मेसेज पाठवायच्या आदल्या दिवशी मिस्टरांना सांगून ठेवा, त्यांच्या तोंडी वाक्यसुद्धा द्या. तिचा फोन आला तर "वहिनी, ते तुमचं दोघींचं आहे, मी मध्ये नाही" एवढं बोलून ठेवायचं. तुम्ही घरात आहात की नाही, जेवलात की नाही, काही सांगायचं नाही. पुरुषमाणसं भिडेखातर "आत्ता देतो" म्हणून फोन तुमच्या हातात आणून देतात, आणि सगळं केलेलं पाण्यात जातं.

आता मेसेज गेल्यावर काय होतं ते. तिचं पहिलं उत्तर बहुधा प्रश्न असतं: "मी काय केलंय तुझं? सांग की." नाहीतर राग: "गरज सरली होय गं आता?" दोन्हीला उत्तर एकच आणि एकदाच: "तुझा मेसेज वाचला. तुला वाईट वाटणार हे मला कळतंय. माझं ठरलंय ते तसंच आहे." याच्यापुढं काही नाही. दुसऱ्यांदा तेच लिहिलं तरी ते संभाषण होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं चॅट कायमचं म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे नवा मेसेज आला तरी वर दिसत नाही. तिचं स्टेटसही म्यूट करा, नाहीतर रोज तिथं काय टोमणा आहे हे बघायची सवय लागते. पहिल्याच दिवशी ब्लॉक मात्र करू नका. निरोप दिलेल्या बाईला आपलं म्हणणं एकदा मांडायची संधी हवी, तीच नाकारली तर तुमचा सभ्य मेसेज तिला लाथाडल्यासारखा लागेल. शिवीगाळ सुरू झाली, किंवा मिस्टरांच्या फोनवर रोज यायला लागले, तर मग दोन्ही फोनवर ब्लॉक करा. भिशीच्या ग्रुपवर ब्लॉक केलं तरी दोघींचे मेसेज दोघींना दिसतच राहतील, तिथं फक्त हप्त्याचंच बोला.

पहिले दोन-तीन आठवडे फोन कमी होण्याऐवजी वाढतील. याला घाबरू नका. नेहमी उघडणारं दार उघडेना झालं की माणूस सोडून द्यायच्या आधी जोरात ठोठावतो. सवय सुटण्याआधी ती एकदा उसळी घेते. इथंच बहुतेक जणी "माझा मेसेजच चुकला वाटतं" म्हणून फोन घेतात. उसळी आली की समजा, ती पहिल्यांदाच खरंच बदल ओळखते आहे. ती ओसरते. तुम्ही मध्ये एकदाही फोन घेतला नाहीत तर लवकर ओसरते.

मग मध्यस्थ येतात. शाळेतली एखादी तिसरी मैत्रीण म्हणेल, "अगं, तिचं काय मनावर घेतीस, एवढ्या वर्सांची मैत्री." तिला कारण सांगायला बसू नका, कितीही मोह झाला तरी. "आमचं आम्ही बघतो की गं, तू दोघींची राहा." तुम्ही मेसेजमध्ये कुणापाशी बोलणार नाही असं लिहिलंय. पहिली परीक्षा तिथंच होते. मन मोकळं करायला एक माणूस हवंच, पण ते गल्लीबाहेरचं असू द्या, माहेरची बहीण किंवा समुपदेशक.

ती दारातच आली तर? येऊ शकते, पंधरा मिनिटांवर तर घर. तिला पाणी द्या, चहा ठेवू नका. चहा ठेवला की बसणं आलं, आणि बसलं की तास गेला. दारातच उभं राहून तेच वाक्य बोला जे मेसेजमध्ये लिहिलंय, तेच शब्द. नवे शब्द शोधलेत की नवा वाद निघतो. ती रडली तर रडू द्या, गप्प उभ्या राहा. हे सगळ्यांत कठीण आहे, हे मला माहीत आहे.

एका उत्तरापुढं मात्र वरचे सगळे नियम बाजूला ठेवायचे. "मी जिवाचं काहीतरी करून घेईन" असं तिनं लिहिलं किंवा बोलली, तर ती धमकी आहे की खरं आहे हे ठरवत बसू नका. ते ठरवणं तुमचं काम नाही, माझ्यासारखीलाही ते फोनवरून ठरवता येत नाही. लगेच तिच्या नवऱ्याला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला फोन करून तिचे शब्द जसेच्या तसे सांगा आणि तिला एकटं सोडू नका म्हणा. कुणी उचललं नाही आणि धोका आत्ताचा वाटत असेल तर ११२. तिला मेसेज करा की १४४१६ या नंबरवर फोन कर. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ साली सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, आणि कन्नडसारखंच मराठीतही बोलता येतं. तिला मदत मिळवून देणं तुमचं कर्तव्य आहे. पण त्या रात्रीपासून पुन्हा रोज फोन सुरू करणं ही मदत नाही. तिला जे लागतं ते डॉक्टर आणि घरचे देऊ शकतात, तुमचा सव्वा तास ते देऊ शकत नव्हता, आठ वर्षांत ते दिसलंच आहे.

तुमच्या मनाचंही सांगते. सुटल्यासारखं वाटेल आणि त्याच आठवड्यात रडूही येईल, मशीनवर बसल्या-बसल्या. नवरा-बायको वेगळे झाले तर चार माणसं विचारायला येतात. मैत्रीण गेली म्हणून कुणी विचारत नाही, तुम्हीच सोडलीत म्हटल्यावर तर नाहीच. दुःखाचा अभ्यास करणाऱ्या केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखांवर लिहिलं, ज्यांना समाज दुःख म्हणून जागाच देत नाही. हे दुःख आलं म्हणजे निर्णय चुकला असा अर्थ घेऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: ती नको होती, आणि ती तुमची तीस वर्षांची मैत्रीण होती. झोप जाणं, जेवण न जाणं हे दोन-तीन आठवड्यांपलीकडं गेलं तर मात्र कुणाला तरी दाखवा.

हळदी-कुंकवाचं विचारतातच सगळ्या, म्हणून सांगते. तुमच्या घरी गल्लीतल्या बायका आल्या आणि त्यांच्याबरोबर ती आली, तर हळदी-कुंकू लावा, तिळगूळ द्या, वाण द्या, सगळ्यांना देता तसंच. तिला वेगळं बोलावणं मात्र धाडू नका.

आणि उद्या तिच्या घरी कुणी गेलं, तर समाचाराला जा. मैत्री थांबवली म्हणजे माणुसकी थांबवली असं नाही. एकट्या जाऊ नका, दोघी-तिघींबरोबर जा, बसा, त्यांच्याबरोबरच उठा. तिथं तिनं हात धरून "आता तरी बोलूया की गं" म्हटलं, तर नाही म्हणायची ती जागा नव्हे आणि हो म्हणायचीही नव्हे. "आज ते नको, आज तू जप" एवढं म्हणा. दिवस-कार्य होऊन जाऊ द्या. त्यानंतर तुम्हाला खरंच पुन्हा बोलावंसं वाटत असेल तर ते तुम्ही स्वतःहून ठरवा. नसेल, आणि तिचा फोन आला, तर पूर्वी लिहिलं होतं तेच वाक्य, तेच शब्द, एकदा पाठवा.